फोन झोपतो, तरी हाक ऐकतो

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला महामार्गावरून भोरचा फाटा फुटतो. महामार्गावर मोबाईलचे मनोरे जवळजवळ असतात. फाट्यावरून आत वळले, की भोर, भाटघरचे धरण, पुढे हिर्डोशी आणि वरंध घाट असा डोंगरदऱ्यांचा मुलूख सुरू होतो. नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळले, तरी तीच गोष्ट. या बाजूच्या लोकांचा एक अनुभव आहे. पुण्यात असताना फोनची बॅटरी रात्रीपर्यंत आरामात पुरते. तोच फोन दिवसभर डोंगरातल्या गावी नुसता खिशात ठेवला, तर संध्याकाळी लाल रेघ दाखवतो. ना कोणाशी बोलणे झाले, ना व्हिडिओ पाहिला. मग बॅटरी गेली कुठे?

बहुतेक जण फोन जुना झाला असे म्हणतात, नाहीतर बॅटरीला दोष देतात. खरे कारण फोनच्या झोपेत आहे. खिशातला फोन सतत जागा राहून हाक ऐकत नसतो. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि ठरलेल्या क्षणी कान टवकारून पुन्हा झोपतो. ही झोप मोडली, की बॅटरी संपते.

हृदयासारखे काम

शरीरात असाच एक अवयव आहे. मिनिटाला सुमारे ७२ ठोके धरले, तर हृदयाचे एक आवर्तन साधारण ०.८ सेकंदाचे होते. त्यातले सुमारे ०.३ सेकंद खालचे कप्पे आकुंचन पावतात आणि उरलेले ०.५ सेकंद ते सैल पडून रक्ताने भरतात. म्हणजे अखंड काम करणारे हृदयसुद्धा अर्ध्याहून अधिक वेळ विश्रांती घेत असते. विश्रांती प्रत्येक ठोक्यात वाटलेली असल्यामुळे ती आपल्या लक्षात येत नाही.

फोनने हीच युक्ती फार पुढे नेली आहे. तिला ‘डिस्कन्टिन्युअस रिसेप्शन’, थोडक्यात डीआरएक्स म्हणतात. मराठीत खंडित श्रवण म्हणता येईल. फोर-जी जाळ्यात फोन रिकामा बसलेला असतो, तेव्हा त्याचे आवर्तन ०.३२, ०.६४, १.२८ किंवा २.५६ सेकंदांचे असू शकते. कोणते ठेवायचे ते जाळे ठरवते आणि मनोऱ्यावरून सर्व फोनना कळवते. १.२८ सेकंदांचे आवर्तन धरून हिशोब करू.

‘तुला कोणी बोलावते आहे का’ हे पाहण्याचा नेमका क्षण एका मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो. पण झोपेतून उठून घड्याळ मनोऱ्याशी जुळवायला आणि रेडिओ स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. तो सगळा मिळून २० मिलिसेकंद धरू. दिवसाचे ८६,४०० सेकंद भागिले १.२८ म्हणजे फोन दिवसातून ६७,५०० वेळा जागा होतो. प्रत्येक वेळी २० मिलिसेकंद, म्हणजे एकूण साडेबावीस मिनिटे. चोवीस तासांत फोनचा कान एवढाच वेळ उघडा असतो. उरलेले साडेतेवीस तास त्याचा रेडिओ बंद असतो आणि एक बारीक घड्याळ तेवढे चालू असते.

याची किंमत थोडी आहे, पण आहे. कोणी फोन लावला आणि तुमच्या फोनने नुकतेच डोळे मिटले असतील, तर पुढच्या जागरणापर्यंत हाक थांबते. १.२८ सेकंदांच्या आवर्तनात ही वाट सरासरी ०.६४ सेकंदाची असते. नंबर लावल्यावर घंटा वाजण्याआधी जी शांतता जाणवते, तिच्यात हा वाटाही असतो. आवर्तन २.५६ सेकंदांचे केले तर जागरणे निम्मी होतात, पण वाट दुप्पट होते. बॅटरी आणि तत्परता यांतला हा सौदा आहे.

प्रत्येकाची वेळ वेगळी

फोन झोपलेला असताना मनोऱ्याने हाक मारली तर ती वाया जाणार. म्हणून कोणता फोन कधी जागा होणार, हे दोघांनाही आधीच ठाऊक असावे लागते. त्यासाठी वेगळे निरोप पाठवावे लागत नाहीत. सिमकार्डात दडलेल्या क्रमांकावरून ही वेळ आपोआप निघते.

प्रत्येक सिममध्ये एक लांब ओळख क्रमांक असतो. तो आपला मोबाईल नंबर नव्हे. भारतातल्या सिमचा हा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. त्याला १,०२४ ने भागून जी बाकी उरते, ती फोनची ‘पाळी’ ठरवते. मनोरा वेळेचे दहा मिलिसेकंदांचे तुकडे मोजत असतो, ० ते १,०२३ पर्यंत, आणि मग पुन्हा शून्यापासून. १.२८ सेकंदांत असे १२८ तुकडे बसतात. समजा, एखाद्या सिमची बाकी ३०० आली. ३०० ला १२८ ने भागले की ४४ उरतात. मग नेहमीच्या मांडणीत हा फोन ४४ व्या, १७२ व्या, ३०० व्या, ४२८ व्या तुकड्यात जागा होतो आणि असेच दर १२८ तुकड्यांनी उठत राहतो. शेजारच्याच्या सिमची बाकी ३०१ असेल, तर तो दहा मिलिसेकंदांनी नंतर उठेल. हजारो फोन असे वेगवेगळ्या क्षणांत वाटले जातात, त्यामुळे हाकांची गर्दी होत नाही.

या हाकेला ‘पेजिंग’ म्हणतात. हा शब्द पन्नाशीच्या पुढच्या डॉक्टरांना वेगळा सांगावा लागणार नाही. भारतात १९९५ पासून काही वर्षे कमरेला पेजर लावलेले डॉक्टर सर्रास दिसत. तो एका छोट्या सेलवर कित्येक दिवस चालत असे, त्यामागे हेच तत्त्व होते. त्या काळच्या प्रचलित पद्धतीत निरोपांच्या प्रत्येक तुकडीत आठ कप्पे असत. पेजरच्या क्रमांकावरून त्याचा कप्पा ठरे, आणि उरलेल्या सात कप्प्यांच्या वेळी पेजर झोपून राही. आजच्या फोनने पेजरचा तो धडा गिरवला आहे.

जाळ्याला तुमचा पत्ता नेमका माहीत नसतो

आता दुसरा प्रश्न. हाक मारायची कोणत्या मनोऱ्यावरून? आपला फोन कोणत्या मनोऱ्याखाली आहे, हे कंपनीला प्रत्येक क्षणी ठाऊक असते, असा सर्वसाधारण समज आहे. फोन रिकामा असताना ते खरे नाही. मनोरा बदलला की दर वेळी कळवायचे ठरवले, तर प्रवासात बॅटरी त्यातच संपेल.

म्हणून जाळे अनेक मनोऱ्यांचा मिळून एक ‘टापू’ करते आणि फोनला अशा टापूंची यादी देते. या यादीत कुठेही फिरलास तरी मला कळवू नकोस, बाहेर पडलास तर कळव, असा करार असतो. कॉल आला, की जाळे हाक मारते आणि गरज पडल्यास यादीतल्या सर्व मनोऱ्यांवरून मारते. फोन जिथे असेल तिथून उत्तर देतो आणि मगच जाळ्याला त्याचा नेमका मनोरा कळतो. याशिवाय, हललो नाही तरी अधूनमधून फोनने ‘मी आहे’ असे सांगायचे असते. मानकातला त्याचा मूळ कालावधी ५४ मिनिटांचा आहे, पण कंपनी तो बदलू शकते.

एक नेहमीचे कोडे यातून सुटते. एखाद्याचा फोन खोल दरीत गेला, की सुरुवातीला त्याला फोन लावणाऱ्याला बराच वेळ शांतता ऐकू येते आणि मग तो संपर्क क्षेत्राबाहेर असल्याचा निरोप येतो. त्या शांततेत जाळे पुन्हा पुन्हा हाका मारत असते. तास-दीड तासाने लावले, तर तोच निरोप सहसा लगेच येतो. ठरलेल्या वेळी फोनचा ‘मी आहे’ आला नाही, म्हणून जाळ्याने त्याचे नाव हजेरीतून काढलेले असते. तिथे हाक मारण्याचे कारणच उरत नाही.

कापूरहोळ ते भोर, खिशातल्या फोनचा प्रवास

कोणत्या मनोऱ्याचे ऐकायचे, हे रिकाम्या फोनने स्वतः ठरवायचे असते. या निवडीला ‘सेल रिसिलेक्शन’ म्हणतात. नियम जाळे घालून देते, निर्णय फोन घेतो. एका प्रवासातून ते पाहू. यातले आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

सिग्नलची ताकद उणे आकड्यात मोजतात. थंडीतल्या तापमानासारखे समजा, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. उणे ८० उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११५ च्या खाली अगदीच मरगळलेला. दर दहा अंकांना ताकद दहा पटींनी घटते. म्हणजे उणे ८० वरून उणे ११० वर आलात, तर सिग्नल हजार पटींनी कमी झाला.

कापूरहोळच्या थांब्यावर एक प्रवासी भोरच्या एसटीत बसला. फोनचा सिग्नल उणे ८०. मनोऱ्याची सूचना समजा अशी आहे, की सिग्नल उणे १०० पर्यंत असेल तर शेजारचे मनोरे मोजण्याच्या फंदात पडू नकोस. तेव्हा फोन आपल्या पाळीला उठतो, हाक आली का पाहतो आणि झोपतो. बॅटरीच्या दृष्टीने ही सर्वांत सुखाची अवस्था.

गाडी फाट्यावरून आत वळते, डोंगर आडवा येतो, सिग्नल उणे १०२ होतो. आता फोन दर जागरणात थोडे अधिक काम करू लागतो. स्वतःच्या मनोऱ्याबरोबर शेजारचेही मोजतो. पुढचा मनोरा उणे १०० देतो आहे, म्हणजे दोन अंकांनी सरस. तरी फोन लगेच उडी मारत नाही. चालू मनोऱ्याला चार गुण वाढवून द्यायचे असा नियम आहे, असे धरू. त्याचे उणे १०२ हे उणे ९८ धरले जातात आणि तोच पुढे राहतो. हा पक्षपात मुद्दाम ठेवलेला असतो. तो नसता, तर दोन मनोऱ्यांच्या सीमेवरच्या घरात ठेवलेला फोन दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत बसला असता. प्रत्येक उडीनंतर नव्या मनोऱ्याची माहिती वाचावी लागते आणि तेवढा वेळ जागे राहावे लागते.

आणखी एक वळण. चालू मनोरा उणे १०६ वर घसरला. चार गुण देऊनही उणे १०२. पुढचा मनोरा उणे ९९ झाला. आता तो खरोखर सरस आहे. तरीही ही आघाडी ठरावीक वेळ, समजा दोन सेकंद, टिकावी लागते. टिकली, की फोन नव्या मनोऱ्यावर जातो, त्याची माहिती वाचतो आणि त्याचा टापू आपल्या यादीत आहे का पाहतो. असेल तर चूपचाप झोपतो. नसेल तर जाळ्याला कळवतो आणि मग झोपतो. प्रवाशाला यातले काहीच कळत नाही.

पण झोपेची दुसरी किंमत इथे दिसते. फोन मोजमाप करतो तेही जागरणातच. १.२८ सेकंदांच्या आवर्तनात, आधीच माहीत असलेला शेजारी सरस झाला हे ओळखायला फोर-जीच्या मानकाप्रमाणे पाच आवर्तने, म्हणजे ६.४ सेकंद, मिळतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात शंभर मीटरहून पुढे जाते. सपाट रस्त्यावर शंभर मीटरने बिघडत नाही. घाटातल्या एका वळणावर मात्र तेवढ्यात जुना मनोरा पूर्ण झाकला जातो. त्या काही सेकंदांत कॉल आला, तर पहिली हाक चुकू शकते. जाळे हाक पुन्हा मारते, म्हणून बहुतेक वेळा निभावते.

खरी लूट सिग्नल नसताना

भोरच्याही पुढे, वरंध घाटाच्या दिशेने एखाद्या खोऱ्यात चालू मनोरा किमान मर्यादेच्याही खाली गेला आणि शेजारी कोणीच नाही, अशी वेळ येते. आता फोनला पाळी उरत नाही. ज्याच्या घड्याळाशी झोप जुळवायची, तो मनोराच हरवला आहे. फोन शोधमोहीम काढतो. आपल्याला चालणाऱ्या प्रत्येक पट्ट्यात, आधी फोर-जी, फाइव्ह-जी, मग टू-जीसुद्धा, एकेक करून कान लावतो. २० मिलिसेकंदांच्या डुलकीतल्या जागरणाऐवजी रेडिओ सेकंदच्या सेकंद चालू राहतो. काही सापडले नाही, तर थोडे थांबून पुन्हा शोधतो. हळूहळू थांबण्याचा काळ वाढवत नेतो. अधूनमधून क्षीण सिग्नल हाती लागला, तर जोर लावून नोंदणी करतो, पुन्हा गमावतो, पुन्हा शोधतो. ही अर्धवट स्थिती पूर्ण अंधारापेक्षाही महाग पडते. डोंगरातल्या गावी संध्याकाळी दिसणारी लाल रेघ इथून येते.

हे आपल्याच फोनचे दुखणे आहे का, ते तपासता येते. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर मोबाईल नेटवर्कचा वाटा दिसतो. वापर नसताना तो ठळकपणे मोठा असेल, तर दोष बहुधा जागेचा आहे, बॅटरीचा नव्हे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये SIM status या पानावर सिग्नलचा उणे आकडा मिळतो. काही फोनमध्ये *#*#4636#*#* दाबूनही तो दिसतो. घरातल्या वेगवेगळ्या जागी दोन-दोन मिनिटे फोन ठेवून आकडा पाहिला, तर खिडकीजवळ आणि आतल्या खोलीत दहा-वीस अंकांचा फरक सहज आढळतो. दहा अंक म्हणजे दहापट, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गळती संदेशांची. एखादा संदेश आला, की फोन रिकाम्या अवस्थेतून जोडलेल्या अवस्थेत जातो. संदेश क्षणात उतरतो, पण आणखी काही येईल म्हणून जाळे त्याला पुढे काही सेकंद जोडलेला ठेवते. त्या काळातही छोट्या डुलक्या असतात, पण खर्च रिकाम्या अवस्थेपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून दिवसभरात तुरळक येणारे शंभर ‘सुप्रभात’ एकदम आलेल्या शंभरांपेक्षा महाग पडतात. बॅटरी बचतीचा पर्याय लावला, की ॲपची ही पार्श्वभूमीतली ये-जा कमी होते. साध्या कॉलची हाक मात्र त्याने बंद होत नाही, तेव्हा त्याला घाबरण्याचे कारण नाही.

उशाखालचा फोन

रात्री उशाशी फोन ठेवला तर रात्रभर किरणे डोक्यात जातात का, हा दवाखान्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्याचे अर्धे उत्तर वर आले आहे. पेजिंग ऐकणे म्हणजे ऐकणेच. त्यात फोन काहीही प्रसारित करत नाही. मनोरा शोधणेही ऐकण्यातच मोडते. फोन बोलतो तो टापू बदलताना, ठरावीक काळाने हजेरी देताना, हाकेला उत्तर देताना आणि ॲपची देवाणघेवाण चालू असताना. एका जागी ठेवलेल्या रिकाम्या फोनचे हे बोलणे अगदी अल्पकाळाचे असते.

क्षीण सिग्नलमध्ये मात्र फोनला जोर लावून बोलावे लागते. फोर-जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॉट असते. जवळचा मनोरा असेल तर तो याच्या कितीतरी कमी ताकदीत भागवतो. शरीरात शोषल्या जाणाऱ्या या लहरींवर भारतात २०१२ पासून किलोमागे १.६ वॉटची मर्यादा आहे. तेव्हा उशाशी फोन नको याचे अधिक ठोस कारण लहरी नसून मोडणारी झोप हे आहे. आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली दाबून ठेवू नये, कारण तो तापतो.

घरात आजारी माणूस असेल तर

ज्या घरात दिवस भरत आलेली गर्भवती, हृदयरुग्ण किंवा दम्याचा रुग्ण आहे, तिथे हे शास्त्र प्रत्यक्ष कामाला येते. एक फोन घरातल्या सर्वांत चांगल्या सिग्नलच्या जागी ठरवून ठेवावा आणि तो तिथेच राहावा. आतल्या कपाटात वा लोखंडी पेटीवर नको. घरात वायफाय असेल, तर वायफायवरून कॉलचा पर्याय चालू करावा. गावात एका कंपनीचा सिग्नल दुबळा असेल, तर दुसरे सिम दुसऱ्या कंपनीचे घ्यावे. एकाच कंपनीची दोन सिम त्याच दरीत एकत्रच हरवतात.

तासन्‌तास सिग्नल नसणाऱ्या जागी, उदाहरणार्थ गडावर किंवा रानात जाताना, फोन विमान अवस्थेत टाकला तर शोधमोहीम थांबते आणि परतीसाठी बॅटरी उरते. त्या वेळात आपण संपर्कात नसतो, हे घरी सांगून जावे. सिग्नलच्या मुलखात परत आल्यावरही फोन काही मिनिटे मुका राहतो असे दिसले, तर तो लांबलेल्या विश्रांतीत आहे असे समजावे. विमान अवस्था चालू करून बंद केली, की तो नव्याने शोध घेतो.

शेवटची गोष्ट प्रत्येकाने पाठ करण्यासारखी आहे. स्वतःच्या कंपनीचा एकही मनोरा मिळाला नाही, पण दुसऱ्या कंपनीचा मिळत असेल, तर फोन त्याच्यावर नुसता टेकून बसतो आणि पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसते. या अवस्थेत साधा कॉल लागत नाही. ११२ हा क्रमांक मात्र मानकाप्रमाणे प्रत्येक फोन आपत्कालीन म्हणून ओळखतो आणि जो मनोरा हाती असेल त्यावरून पाठवतो. महाराष्ट्रातली रुग्णवाहिकेची सेवा १०८ वर आहे आणि सिग्नल असताना तोच क्रमांक लावावा. पण १०८ ला प्रत्येक फोन आपत्कालीन मानेलच असे नाही. म्हणून पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ दिसत असेल, तर १०८ वर अडकून वेळ घालवू नये. ११२ लावावा, गावाचे नाव आणि जवळची खूण सांगावी आणि रुग्णवाहिका मागावी. पडद्यावर तेवढेही दिसत नसेल, तर कोणाचाच मनोरा हाती नाही. अशा वेळी रुग्णाजवळ एकाने थांबावे आणि दुसऱ्याने फोन घेऊन उंच, मोकळ्या जागी जावे.